फॅरिंजायटिस, टॉन्सिलायटिस, लॅरिंजायटिस, एपिग्लॉटायटिस: घशात नेमकं कुठे काय सुजतं

प्रश्न: घसा दुखतोय म्हणून एका डॉक्टरांकडे गेलो तर चिठ्ठीवर फॅरिंजायटिस लिहिलं, दोन दिवसांनी दुसऱ्यांनी बघून टॉन्सिलायटिस म्हटलं. बहिणीचा आवाज बसलाय, तिला लॅरिंजायटिस सांगितलंय. नेटवर बघताना एपिग्लॉटायटिस पण दिसलं आणि ते वाचून भीती वाटली. हे सगळे वेगवेगळे आजार आहेत की एकच? नक्की कुठला भाग सुजतो?

उत्तर:

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि हा गोंधळ ओपीडीत रोज बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. नावांचं गणित सोपं आहे. शेवटचा आयटिस म्हणजे सूज, दाह, आणि त्याच्या आधीचा शब्द म्हणजे जागा. फॅरिंक्स सुजला की फॅरिंजायटिस, टॉन्सिल सुजले की टॉन्सिलायटिस, लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र सुजलं की लॅरिंजायटिस, आणि एपिग्लॉटिस सुजलं की एपिग्लॉटायटिस. म्हणजे ही नावं फक्त पत्ता सांगतात, सूज कशामुळे आली ते सांगत नाहीत. व्हायरसने आली, बॅक्टेरियाने आली, ॲसिडिटीने की ओरडून ओरडून आली, हे त्या नावात कुठेच नसतं. ते वेगळं शोधावं लागतं आणि औषध त्यावर ठरतं, नावावर नाही.

आता पत्ता नीट समजून घ्या कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आरशासमोर उभं राहून मोठा आ करा आणि टॉर्च मारा. मधे लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना टाळूपासून खाली उतरणाऱ्या दोन-दोन कमानी दिसतील, एक पुढची एक मागची, आणि त्या दोन कमानींच्या मधल्या खोबणीत जे गुलाबी, खडबडीत गोळे बसलेले असतात ते टॉन्सिल. लहान मुलांत ते चांगले मोठे असतात, मोठेपणी बहुतेकांचे आक्रसून जवळजवळ दिसेनासे होतात. पडजिभेच्या मागे, एकदम समोर जी ओलसर भिंत दिसते ती फॅरिंक्सची मागची भिंत. फॅरिंक्स म्हणजे खरं तर एक लांब नळीसारखी जागा आहे, नाकाच्या मागून सुरू होते, तोंडाच्या मागून जाते आणि खाली अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत पोचते, पण तोंडातून आपल्याला तिचा फक्त मधला तुकडा दिसतो.

आणि इथे नजर संपते, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. जिभेचं बूड मागे वळून खाली जातं, त्याच्या पलीकडे जे काही आहे ते टॉर्चने दिसत नाही. जिभेच्या बुडाच्या लगेच मागे पानाच्या आकाराची एक लवचिक कूर्चा उभी असते, ती एपिग्लॉटिस. आपण घास गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं आणि ही कूर्चा मागे झुकून त्याच्या तोंडावर येते, म्हणजे अन्न श्वासनलिकेत न जाता मागच्या अन्ननलिकेत जातं. तिच्या खाली स्वरयंत्र, गळ्यावर पुढे हात लावला तर जो कंठमणी लागतो त्याच्या आतच, आणि त्यात व्होकल कॉर्ड, ज्यांच्यातून आपला प्रत्येक श्वास जातो. काही लहान मुलांमध्ये एपिग्लॉटिस बरंच वर असतं आणि मुलाने जीभ बाहेर काढून आ केला की मागे टोक डोकावतं, आईबाबा घाबरून घेऊन येतात की घशात काहीतरी उगवलंय. मूल खेळतंय, खातंय, तर ते नॉर्मल आहे.

तर चार नावांपैकी दोन जागा टॉर्चने दिसतात, टॉन्सिल आणि फॅरिंक्स. दोन दिसत नाहीत, एपिग्लॉटिस आणि स्वरयंत्र. न दिसणाऱ्या दोन जागा आपल्याला त्यांच्या कामातल्या बिघाडावरून ओळखाव्या लागतात. स्वरयंत्र बिघडलं की आवाज बदलतो. एपिग्लॉटिस बिघडलं की गिळणं अशक्य होतं आणि मग श्वासावर येतं.

आधी तुमच्या चिठ्ठीचं बघू. फॅरिंजायटिस आणि टॉन्सिलायटिस ह्यात एकाच घशाबद्दल दोन डॉक्टरांनी दोन नावं लिहिणं अगदी शक्य आहे आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात. टॉन्सिल फॅरिंक्सच्या बाजूच्या भिंतीतच बसलेले आहेत, मधे काही दरवाजा नाही, त्यामुळे व्हायरस आला की तो भिंत आणि टॉन्सिल दोन्हीला लागतो. पहिल्या दिवशी भिंत लाल दिसली म्हणून एकाने फॅरिंजायटिस लिहिलं, दोन दिवसांनी टॉन्सिल फुगून त्यावर पांढरे ठिपके आले म्हणून दुसऱ्याने टॉन्सिलायटिस लिहिलं. काही जण तर सरळ फॅरिंगोटॉन्सिलायटिस असं एकत्रच लिहितात. जिथे सूज जास्त दिसली त्याचं नाव चिठ्ठीवर येतं, एवढंच. औषधाच्या दृष्टीने ह्या दोन नावांमधला फरक फार छोटा आहे, खरा फरक आहे व्हायरस की स्ट्रेप नावाचा बॅक्टेरिया ह्यात.

साधा फॅरिंजायटिस कसा असतो तर घशात खवखव, कोरडेपणा, आवंढा गिळताना दुखणं, बरोबर नाक वाहणं, शिंका, थोडा खोकला, कधी डोळे लाल. हे सगळं एकत्र असेल तर बहुतेक वेळा व्हायरस, आणि आठवड्याभरात आपोआप बरं होतं. ताप-दुखण्याची गोळी, कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ह्याने आराम पडतो, आजाराचे दिवस फारसे कमी होत नाहीत. अँटिबायोटिकने तर काहीच होत नाही. तरी पेशंट मागतात, आणि देऊनही टाकली जाते, हे मला मनापासून खटकतं, कारण व्हायरसवर ती चालतच नाही आणि जुलाब, पुरळ मात्र होतात.

टॉन्सिल म्हणजे आपल्या संरक्षणाच्या पेशींनी भरलेले गोळे आणि त्यांच्या पृष्ठभागावर खोल खोल खळगे असतात. सूज आली की त्या खळग्यांतून पांढरट-पिवळा पू ठिपक्यांसारखा वर येतो. लोकांना वाटतं पांढरं दिसलं म्हणजे बॅक्टेरिया, पण तसं नाही, ॲडिनोव्हायरस आणि एपस्टीन-बार व्हायरससुद्धा असेच ठिपके देतात. एपस्टीन-बारमध्ये तर टॉन्सिल प्रचंड मोठे होतात, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी येतात, आठवडा उलटला तरी थकवा जात नाही, आणि अशा पेशंटला अमोक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं तर बऱ्याचदा अंगभर लाल पुरळ उठतं. मग घरचे म्हणतात औषधाची ॲलर्जी आहे, आणि ते लेबल आयुष्यभर चिकटतं.

पुवाचं आणखी एक. अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी त्या खळग्यांत साठून कडक झाल्या की पांढरे खडे होतात, कधी खोकताना बाहेर पडतात, वास घाण येतो. ताप नाही, दुखत नाही, तर तो टॉन्सिलायटिस नाही. त्यासाठी औषध लागत नाही.

स्ट्रेप, म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, हा बॅक्टेरिया मात्र शोधायचा असतो. मोठ्यांच्या घसादुखीत तो दहातल्या एखाद्याच्याच घशात सापडतो, शाळेच्या वयाच्या मुलांत त्यापेक्षा जास्त. आम्ही चार गोष्टी बघतो: 38 डिग्री सेल्सिअसच्या वर ताप आहे का, टॉन्सिलवर पू आहे का, जबड्याच्या खाली पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी आहेत का, आणि खोकला नाहीये ना. ह्यातली शेवटची गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण ती महत्त्वाची आहे, कारण खोकला आणि वाहतं नाक व्हायरसकडे बोट दाखवतं. तीन-चार गोष्टी जुळल्या तर घशाचा स्वॅब घेऊन टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली तर पेनिसिलिन किंवा अमोक्सिसिलिन, आणि ते साधारण 10 दिवस पूर्ण. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि लोक बंद करतात. पण ते 10 दिवस घसादुखीसाठी नसतातच, ते असतात रूमॅटिक फिव्हर टाळायला, ज्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी तो टाळता येतो, त्यामुळे टेस्टचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागले तर घाबरायचं कारण नाही.

टॉन्सिलायटिसमध्ये एक वळण लक्षात ठेवायचं. दोन्ही बाजूंनी दुखत होतं ते आता एकाच बाजूला प्रचंड दुखतंय, त्याच बाजूच्या कानात कळ जातेय, तोंड नीट उघडत नाहीये, आवाज तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा येतोय, आणि पडजीभ मधून सरकून दुसऱ्या बाजूला गेलीये. हे पाचही मिळून दिसलं तर टॉन्सिलच्या मागे पू साठलाय, त्याला पेरिटॉन्सिलर ॲबसेस म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा सुईने किंवा छोटा छेद देऊन काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांवर सहसा जात नाही. त्याच दिवशी दाखवा.

आता बहिणीचा लॅरिंजायटिस. हिच्यात गंमत अशी की घसा फार दुखतच नाही. दुखलं तरी खवखव आणि कोरडा खोकला, आणि मुख्य तक्रार आवाज. कारण व्होकल कॉर्ड ह्या दोन पातळ पट्ट्या आहेत, बोलताना पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा आणि बायकांत दोनशेच्या आसपास एकमेकींवर आपटतात. त्यांच्यावरचं आवरण अतिशय हलकं, ओलसर, जेलीसारखं असतं म्हणूनच ते एवढ्या वेगाने थरथरू शकतं. त्या आवरणात जरासं पाणी साठलं की ते जड होतं, नीट मिटत नाही, हवा गळते, आणि आवाज घोगरा होतो, फुटतो किंवा पूर्ण जातो. म्हणजे सूज अगदी थोडी असते आणि परिणाम मोठा. तोंडातून बघितलं तर घसा साफ दिसेल, कारण बिघाड नजरेच्या खाली आहे.

बहुतेक वेळा सर्दीबरोबर येतो, व्हायरसचा असतो, आणि एक-दोन आठवड्यांत जातो. अँटिबायोटिकचा इथेही उपयोग नाही, आणि स्टेरॉइडची गोळी उगाच घेऊ नये, ती फक्त काही खास परिस्थितीत आम्ही स्वरयंत्र आतून बघूनच देतो. तिला करायला सांगा ते एवढंच: कमी बोलणं, भरपूर पाणी, वाफ घ्यायची असेल तर नुसत्या पाण्याची, सिगरेट आणि धूर लांब. आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळे उलटी करतात, आवाज बसला की कुजबुजायला लागतात, त्यांना वाटतं त्याने आराम मिळतो. बऱ्याच जणांमध्ये जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्राचे स्नायू उलट जास्त आवळले जातात. बोलावंच लागलं तर हळू पण खऱ्या आवाजात बोलायचं. घसा सतत खाकरायचा पण नाही, त्याने कॉर्ड एकमेकींवर जोरात घासतात. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा.

किती दिवस थांबायचं ह्याची सीमा पण सांगतो. आवाज 4 आठवडे बसलेला राहिला तर कॅमेऱ्याने स्वरयंत्र बघायलाच हवं, मग लॅरिंजायटिस असं कोणी आधी लिहिलेलं असो वा नसो. सिगरेट ओढणारा असेल, मानेत गाठ असेल, थुंकीतून रक्त येत असेल, किंवा नुकतंच मानेचं, छातीचं ऑपरेशन झालं असेल, तर 4 आठवडेही थांबायचं नाही. कारण महिनाभर चाललेला घोगरा आवाज कधी ॲसिडिटीचा असतो, कधी कॉर्डवर गाठ असते, कधी कॉर्डची नस गेलेली असते, आणि कधी तो कॅन्सर असतो, ज्याला लवकर पकडलं तर आवाज वाचवून बरा करता येतो. कॅमेरा नाकातून जातो, काही मिनिटांचं काम आहे, भूल देऊन झोपवावं लागत नाही.

लहान मुलांत स्वरयंत्र आणि त्याच्या खालची श्वासनलिका मिळून सुजते त्याला क्रूप म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षं ह्या वयात जास्त, दोन दिवस सर्दी, मग रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना चिरका आवाज. मूल रडलं की वाढतो. बाळाच्या श्वासाची वाट मुळातच अरुंद, त्यामुळे थोड्या सुजेनेही ती अडते, म्हणून हे दवाखान्यात दाखवायचंच, तिथे बहुतेक वेळा डेक्सामेथासोन ह्या स्टेरॉइडच्या एका डोसने उतार पडतो. मूल शांत बसलेलं असतानाही तो चिरका आवाज येत असेल तर लगेच इमर्जन्सीत.

आणि आता एपिग्लॉटायटिस, ज्याने तुम्ही घाबरलात. हा आजार दुर्मिळ आहे, पण चारांपैकी हाच एक असा आहे की काही तासांत जीव जाऊ शकतो. एपिग्लॉटिसच्या जिभेकडच्या बाजूचा पदर सैल असतो, त्यात पाणी भराभर साठतं, आणि ती पातळ कूर्चा फुगून जाड, लाल गोळा होते, आजूबाजूच्या घड्या पण सुजतात. खाली लगेच श्वासाचं दार. पूर्वी हा मुख्यतः दोन ते सात वर्षांच्या मुलांचा आजार होता आणि कारण बहुतेक एकच, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी नावाचा बॅक्टेरिया, छोट्या नावाने हिब. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी फ्लूशी संबंध नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी हिबची नवी लस आली आणि जिथे ती लहानपणी दिली जाते तिथे मुलांमधला हा आजार झपाट्याने कमी झाला. त्यामुळे आता जो एपिग्लॉटायटिस दिसतो तो मोठ्यांमध्ये जास्त, आणि त्यात न्यूमोकोकस, स्ट्रेप, स्टॅफ असे वेगवेगळे जंतू असतात, कधी कधी खूप गरम किंवा जळजळीत काही गिळल्यानेही होतो.

मोठ्यांमधला ओळखायला अवघड का असतो ते एका पेशंटवरून सांगतो. वय अठ्ठेचाळीस, डायबिटीस आहे, आदल्या संध्याकाळी घसा दुखायला लागला, रात्रीत वाढला, सकाळी एका ठिकाणी दाखवलं, तिथे टॉर्चने बघून घसा थोडा लाल आहे म्हणून फॅरिंजायटिसच्या गोळ्या दिल्या. दुपारी माझ्याकडे आले तेव्हा गोळी गिळता येत नव्हती. पाणी पण नाही. हातात टिश्यू होता आणि दर मिनिटाला त्यात लाळ थुंकत होते, कारण स्वतःची लाळ गिळणंसुद्धा जमत नव्हतं. आवाज घोगरा नव्हता, दबलेला होता, जड. खोकला अजिबात नाही. ताप 38.6. खुर्चीत मागे टेकून बसायला सांगितलं तर लगेच पुढे झुकले, म्हणाले मागे गेलं की घुसमटतंय. ऑक्सिजन 97 होता, म्हणजे आकड्यात सगळं ठीक.

तोंड उघडून बघितलं. टॉन्सिल छोटे, साफ, मागची भिंत जेमतेम गुलाबी. एवढं भयंकर दुखणं आणि घसा जवळजवळ नॉर्मल, हा जो विसंगतपणा आहे ना, तोच ह्या आजाराचा सगळ्यात मोठा इशारा. मग मी गळ्यावर पुढून, हनुवटी आणि कंठमणी ह्यांच्या मधल्या हाडाजवळ हलकंच दाबलं तर ते कळवळले. साध्या फॅरिंजायटिसमध्ये तिथे एवढं दुखत नाही. आता सगळे धागे एकाच जागेकडे जात होते, जिभेच्या बुडाखाली आणि व्होकल कॉर्डच्या वर. टॉन्सिल नाही कारण टॉन्सिल समोर दिसतायत आणि साफ आहेत. व्होकल कॉर्ड मुख्य नाहीत कारण आवाज घोगरा नाही आणि लॅरिंजायटिसमध्ये लाळ गिळता येते. उरलं एपिग्लॉटिस.

त्यांना बसवूनच ठेवलं, झोपवलं नाही, ऑक्सिजन लावला, भूलतज्ज्ञांना बोलावून श्वासनलिकेत नळी घालायची आणि गरज पडली तर गळ्याला छेद द्यायची तयारी बाजूला ठेवली, आणि मगच नाकातून बारीक कॅमेरा टाकला. एपिग्लॉटिस लालभडक, फुगून गोल झालेलं, पण त्याच्या मागे श्वासाची वाट अजून अर्ध्याहून जास्त मोकळी होती. लगेच शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केलं, बरोबर डेक्सामेथासोन दिलं (ते बहुतेक ठिकाणी देतात, पण त्याचा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही हे सांगायला हवं), शुगर सांभाळली, आणि आयसीयूत ठेवलं. तिथे ठेवण्याचं कारण सलाइन नाही, कारण हे की वाट बंद व्हायला लागली तर नळी घालणारा माणूस दोन पावलांवर हवा. नळी लागली नाही. मोठ्यांमध्ये वाट रुंद असल्यामुळे बहुतेकांना लागत नाही, पण डायबिटीस असेल, सूज भराभर वाढत असेल किंवा एपिग्लॉटिसमध्येच पू साठला असेल तर धोका वाढतो. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायले, तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात सूज निम्म्यावर, मग गोळ्यांवर घरी.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल मुद्दाम बोलतो कारण हल्ली घरोघरी बोटाला लावायचं मशीन असतं. वरच्या वाटेच्या अडथळ्यात ऑक्सिजन शेवटपर्यंत छान दिसू शकतो, माणूस जास्त जोर लावून श्वास घेत राहतो आणि आकडा टिकतो, आणि मग दमला की एकदम कोसळतो. म्हणून लाळ गळतेय, पुढे झुकून बसलाय, पण आकडा 97 आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू, असं करायचं नाही. तसंच श्वास घेताना चिरका आवाज यायची वाट बघायची नाही, तो उशिरा येतो. एक्स-रेमध्ये बाजूने बघितलं तर फुगलेलं एपिग्लॉटिस अंगठ्यासारखं दिसतं, पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

मूल असेल तर नियम अजून कडक. तीन-चार वर्षांचं मूल, काही तासांत तापाने फणफणलंय, खोकला नाही, तोंड उघडं, हनुवटी पुढे, हात टेकून पुढे झुकून बसलंय, लाळ गळतेय, आवाज काढत नाहीये. ह्या मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा बघायचा नाही. आडवं करायचं नाही. रडवायचं नाही, सुई पण लगेच टोचायची नाही. रडण्याने आणि जीभ दाबण्याने अर्धवट उघडी वाट पूर्ण बंद होऊ शकते. आईच्या मांडीवर जसं बसलंय तसंच बसवून अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात, काही खायला-प्यायला न देता. तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन, नळी घालताना त्याच वेळी एपिग्लॉटिस बघतात. क्रूपपासून वेगळं ओळखायचं तर क्रूपचं मूल खोकतं आणि लाळ गिळतं, हे मूल खोकत नाही आणि लाळ गिळत नाही.

मी स्वतः पेशंट समोर आला की मनात ज्या क्रमाने विचारतो तो सांगतो, तुम्हीही घरी तसंच विचारू शकता. पहिला प्रश्न घसा लाल आहे का हा नसतोच. पहिला प्रश्न, स्वतःची लाळ गिळता येतेय का आणि आडवं झोपता येतंय का. नाही, तर घसा कसाही दिसो, इमर्जन्सी. येतंय, तर दुसरं, आवाज कसा आहे. घोगरा किंवा गेलेला आणि बाकी बरं, तर स्वरयंत्र, म्हणजे लॅरिंजायटिस. दबलेला, तोंडात काहीतरी धरल्यासारखा, तर टॉन्सिलच्या मागचा पू किंवा एपिग्लॉटिस, दोन्हीत उशीर नको, आणि ह्यात तोंड उघडत नसेल तर पहिलं, तोंड उघडतंय पण आत काहीच दिसत नाही तर दुसरं. आवाज नॉर्मल, मग टॉर्च घ्यायची, टॉन्सिल फुगलेत का, पू आहे का, की नुसती मागची भिंत लाल आहे, आणि त्यावर टॉन्सिलायटिस की फॅरिंजायटिस हे नाव पडतं. शेवटी खोकला, नाक, ताप, गाठी विचारून टेस्ट करायची की नाही ते.

तुमच्याबाबतीत म्हणजे दोन दिवसांत टॉन्सिल पुढे आले एवढाच बदल दिसतोय. दुसऱ्या डॉक्टरांनी टॉन्सिलवर पू आहे असं म्हटलं का, ताप आहे का आणि खोकला नाहीये का, हे बघा, तसं असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी स्वॅब करून घ्यायला सांगा, कारण गोळ्या सुरू झाल्यावर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते आणि मग 10 दिवस घ्यायचं की सोडायचं हे कोणालाच नीट सांगता येत नाही. आणि बहिणीचा आवाज ज्या दिवशी बसला ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा, तिथून 4 आठवडे मोजा, तोवर मोकळा झाला नाही तर कॅमेऱ्याने स्वरयंत्र बघून घ्या.